उजागरेकाकांचं त्रिभाजन

शशिकांत उजागरे यांचं पहिलं पत्र आमच्या विभागात १९९७ च्या ऑगस्टमध्ये आलं. मी तेव्हा दिल्लीतल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. नोकरी हंगामी होती, वय अठ्ठावीस, आणि विभागातली सगळ्यांत कनिष्ठ मीच. असं एखादं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी यायचंच. कोणी पायची नेमकी किंमत काढलेली असायची, कोणी कुठल्याही कोनाचे कंपास आणि पट्टीनं तीन समान भाग करून दाखवलेले असायचे. विभागप्रमुख खन्नासर ती न उघडताच ओळखायचे. ह्या पत्रावरचं नाव वाचून त्यांनी ते माझ्या टेबलावर टाकलं.

"तुम्हारे महाराष्ट्र के लगते हैं. दो लाइन का जवाब दे दो, प्यार से."

पाकिटात घडी केलेला ट्रेसिंग पेपर होता. मी तो उलगडला. इतकी देखणी आकृती मी आयुष्यात पाहिली नव्हती. साठ अंशांचा कोन, त्यावर सात कंस, प्रत्येक कंसाची रेघ केसासारखी आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. अक्षरं हातानं काढलेली, पण छापल्यासारखी. खाली मराठीत लिहिलं होतं : 'कोनाचे त्रिभाजन. फक्त कंपास व खुणा नसलेली पट्टी वापरून. रचना व रेखन : श. द. उजागरे, निवृत्त मुख्य ड्राफ्ट्समन, वैशाली, गाझियाबाद.'

कोनाचे दोन समान भाग शाळेतलं मूलही करतं. तीन समान भाग करणं कंपास आणि कोऱ्या पट्टीनं सर्वसाधारणपणे शक्य नाही. हे कोणाला अजून जमलेलं नाही असं नाही, ते जमूच शकत नाही, आणि त्याची सिद्धता १८३७ पासून उपलब्ध आहे. मी ती दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. म्हणजे आकृतीत कुठेतरी चूक असणार हे मला पाकीट उघडायच्या आधीच माहीत होतं. तरी हौसेनं मी हिशेब केला. त्यांच्या सात कंसांतून येणारा कोन वीस अंशांचा नव्हता. तो २०.००४१ अंशांचा होता.

एवढी चूक कागदावर दिसतच नाही. काकांनी एक फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं असतं तरी फरक केसाच्या जाडीहून कमी पडला असता, पेन्सिलच्या रेघेत बुडून गेला असता. ज्याच्या हातात ती पेन्सिल होती त्याला 'तुमचं चुकलंय' कसं लिहायचं, हे मला समजेना. मी मराठीत लिहिलं :

'आपली आकृती अत्यंत अचूक आहे. रेखनात मला कोठेही दोष आढळला नाही. सैद्धांतिकदृष्ट्या मात्र हा प्रश्न अशक्य मानला जातो.'

'मानला जातो.' हे दोन शब्द मी तेव्हा सभ्यपणा म्हणून लिहिले.

पंधरा दिवसांनी ते स्वतःच कॉलेजात आले. काखेत प्लास्टिकची लांब नळी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन्सिल. उंच, सडपातळ, कानांवरचे केस पूर्ण पांढरे. स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "कल्पनाबाई आपणच का? मी उजागरे. तुम्ही लिहिलंत, मानला जातो. कोण मानतं, ते विचारायला आलो."

मी हसले. त्यांना ते हसणं आवडलं असावं. बसवून घेतलं, चहा मागवला. 'अशक्य आहे' हे तेव्हाच सांगून टाकायचं असं मी ठरवलंही होतं. पण त्यांनी नळीतून कागद काढले आणि आपली हकिगत सांगायला सुरुवात केली. तासाभरानं ती संपली तेव्हा माझं बळच गेलं.

ते मूळचे अहमदनगरचे, ख्रिस्ती घरातले. वडील मिशनच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. काकांनी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि १९६७ साली गाझियाबादच्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरीला लागले. त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसात अकरा टेबलं होती. अठ्ठावीस वर्षांत ते शेवटच्या टेबलावरून पहिल्या टेबलावर आले. फाउंड्रीतले लोक म्हणायचे, उजागरेसाबच्या ड्रॉइंगवर शंका आली तर आधी आपला डोळा तपासा.

मग बाहेरच्या कंपन्यांचे पंप देशात यायला लागले, कारखाना हलका करायचं ठरलं आणि ड्रॉइंग ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले. त्याच सुमाराला एक नेहमीपेक्षा वेगळी ऑर्डर आली. पंपाच्या गोल झाकणाला नऊ बोल्ट हवे होते. आठ किंवा बारा भोकं कंपासनं सरळ आखता येतात. नऊ येत नाहीत. नऊ भोकं म्हणजे दोन भोकांत चाळीस अंश, म्हणजे एकशेवीसाचे तीन भाग. ड्राफ्ट्समन ते डिव्हायडरनं अंदाज घेत, थोडं उघडत, थोडं मिटत, फिरवून फिरवून जमवतो. काका तसंच जमवत होते. मागे उभ्या असलेल्या नव्या इंजिनिअरनं कॉम्प्युटरवर नऊ आकडा टाकला, एक बटण दाबलं, आणि नऊ भोकं पडद्यावर आली.

"तो काही वाईट बोलला नाही हो," काका मला म्हणाले. "एवढंच म्हणाला, अंकल, आप अभी तक अंदाज़े से करते हो? आणि माझ्या लक्षात आलं की खरंच, अठ्ठावीस वर्षं मी ही एक गोष्ट अंदाजानं करत आलोय. बाकी सगळं नेमकं. ही एकच अंदाजानं."

पुढच्या वर्षी टेबलं गेली आणि काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एक ड्रॉइंग बोर्ड त्यांना निरोपाची भेट म्हणून मिळाला. तो वैशालीच्या घरात खिडकीपाशी लावून ते त्या तीन भागांच्या मागे लागले.

हे ऐकल्यावर मी काय बोलले? म्हणाले, "काका, फार सुंदर काम आहे. अगदी थोडा फरक राहतोय." आणि त्यांना तो २०.००४१ चा आकडा दाखवला. त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं ते खचतील. पण ड्राफ्ट्समनला फरक सांगितला की तो कमी कसा करायचा हेच त्याच्या मनात येतं. "म्हणजे जवळ आलोय," ते म्हणाले, आणि कागद गुंडाळायला लागले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वैशालीत तेव्हा अर्ध्या इमारती उभ्या आणि अर्ध्या बांबूंच्या परांच्यांत होत्या. वीज गेली की प्रत्येक बाल्कनीतला जनरेटर सुरू व्हायचा आणि बोलणं अशक्य व्हायचं. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. अरुणाकाकूंनी दार उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, चष्म्याच्या दोरीला सारखा हात लावणाऱ्या. पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "ये गं. ह्यांना गणितातलं बोलायला माणूस मिळाला, माझी सुटका झाली."

मी त्या घरी जायला लागले. माझं माहेर साताऱ्याजवळ, नवरा दौऱ्यावर, दिल्लीत मराठी कानावर पडायची ती बसमध्ये एखाद्या यूपीएससीच्या मुलाकडून. काकूंच्या हातची शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी खाताना मला मी खोटं बोलतेय असं कधी वाटलं नाही. काका नवी आकृती दाखवायचे, मी फरक काढून द्यायचे. चौथ्या दशांश स्थळावरून तो पाचव्यावर गेला, मग सहाव्यावर. कंस सातांचे अकरा झाले, अकरांचे सतरा. त्यांना वाटायचं आपण चढतोय. मला माहीत होतं की वर पोचण्यासारखं काही नाही. पण प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणायचे, माणूस आनंदात आहे, कोणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं ते मला दिसत होतं. १९९८ साली नॉएडातल्या एका नव्या पॉलिटेक्निकनं त्यांना ड्रॉइंग शिकवायला बोलावलं. काका म्हणाले, हे काम हातावेगळं झालं की येतो. पुढच्या वर्षी तिथे ड्रॉइंगचा हॉल काढून कॉम्प्युटरची लॅब केली, आणि कोणी परत बोलावलं नाही. गुडगावात नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुजय रविवारी यायचा, बोर्डकडे बघायचा आणि बापाशी क्रिकेटवर बोलायचा. आणि अरुणाकाकूंना नगरला जायचं होतं. त्यांची थोरली बहीण प्रभा तिकडे एकटी होती. गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली. दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं, आणि दर उन्हाळ्यात काका म्हणायचे, एवढं एक पूर्ण होऊ दे, मग दोन महिने राहूनच येऊ.

एकदा, १९९९ च्या मार्चमध्ये, काका दूध आणायला खाली गेले होते. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कल्पना, एक सांग. हे जे करतायत ते होणारे का?"

मी म्हणाले, "कठीण आहे, काकू."

"कठीण म्हणजे ह्यांना चालेल. कठीणाला ते भीत नाहीत." त्यांनी काड्या बाजूला केल्या. "मग ह्या वर्षीही नगर नाही म्हणायचं."

मी तेव्हा बोलले असते तर. एक वाक्य होतं. पण जिन्यावर काकांची पावलं वाजली आणि मीही मेथी निवडायला घेतली.

२००० च्या जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, अरुणाकाकू गेल्या. सकाळी स्वयंपाकघरात छातीत दुखायला लागलं. धुक्यामुळे गाडी हळू चालली आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. प्रभाताईंना फोनवर सांगावं लागलं. फोन काकांनीच केला. ते एवढंच म्हणाले, "प्रभाताई, अरुणाला घेऊन येणार होतो," आणि रिसीव्हर सुजयच्या हातात दिला.

मला वाटलं आता बोर्ड मिटेल. उलट झालं. काका दिवसभर त्याच्यासमोर बसायला लागले. जेवण डब्याचं, तेही अर्धं. एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर एका पुस्तिकेची कच्ची प्रत होती, सोळा पानांची. पहिल्या पानावर 'दिवंगत अरुणा हिस' आणि खाली सुंदर अक्षरांत शीर्षक : 'कोणत्याही कोनाचे नेमके त्रिभाजन.'

"आता फरक तुझ्या कॉम्प्युटरलासुद्धा सापडणार नाही," ते म्हणाले. "छापायचं ठरवलंय. देशातल्या चाळीस संस्थांना आधीच कळवलंय की पुस्तिका येतेय. तू प्रस्तावना लिही. दोन ओळी. गणिताच्या माणसाची सही हवी."

फरक होता, नवव्या दशांश स्थळावर होता. पण तो सांगण्यात आता अर्थ नव्हता. ते अठरावा कंस काढायला बसले असते. मी प्रत खाली ठेवली.

"काका, मी सही करू शकत नाही. हे होत नाही. कधीच होणार नाही."

"कठीण आहे, मला माहीत..."

"कठीण नाही. अशक्य आहे. ते दाखवता येतं. बसा, मी दाखवते."

ते बसले. मी त्यांच्याच बोर्डवर कोरा कागद लावला. त्यानंतरचे तीन तास मला जसेच्या तसे आठवतात.

मी म्हणाले, "कंपास आणि पट्टीनं आपण नेमकं काय करतो ते बघू. एक लांबी दिली आहे, तिला एक म्हणू. रेघा रेघांना छेदतात त्यातून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार मिळतात. म्हणजे सगळे अपूर्णांक मिळतात. बरोबर?"

"बरोबर."

"आता कंपास. वर्तुळ रेघेला किंवा वर्तुळाला छेदतं. त्यातून एकच नवी गोष्ट मिळते : वर्गमूळ."

"अर्धवर्तुळ काढून, मधे लंब टाकून," ते म्हणाले. हे त्यांनी हजार वेळा केलं होतं.

"हो. मग त्या वर्गमुळांची बेरीज-गुणाकार, मग त्यांचं पुन्हा वर्गमूळ. तुम्ही कितीही कंस काढा, सतरा काढा, सतराशे काढा, हाती येणारी प्रत्येक लांबी अशीच बनलेली असते. इमारतीसारखं समजा. तळमजल्यावर अपूर्णांक. एका नव्या वर्गमुळानं पहिला मजला चढतो. त्यावर आणखी एका वर्गमुळानं दुसरा. वर जायला ह्याशिवाय जिनाच नाही."

त्यांनी मान हलवली. मी साठ अंशांचा कोन काढला. "ह्याचे तीन भाग झाले तर वीसचा कोन मिळेल. वीसच्या कोनाच्या बाजूवर आपली ती 'एक' लांबी घेऊन खाली लंब टाकला की पायाची एक लांबी मिळेल. तिची दुप्पट म्हणजे एक पूर्णांक आठ सात नऊच्या आसपास. तिला क्ष म्हणू. त्रिकोणमितीतून निघतं की ह्या क्षचा घन म्हणजे तीन क्ष अधिक एक." त्यांनी कॅल्क्युलेटर ओढून करून पाहिलं. जुळलं.

"ह्या समीकरणाला तीन उत्तरं आहेत. ती मी लिहिते. १.८७९, उणे ०.३४७, उणे १.५३२. बेरीज करा."

"शून्य."

"नेहमी शून्यच, कारण समीकरणात क्षच्या वर्गाचं पद नाही. हे लक्षात ठेवा. आता समजा, ह्यातलं एक उत्तर तुमच्या इमारतीत कुठेतरी आहे. समजा पाचव्या मजल्यावर. म्हणजे ते असं दिसेल : अ अधिक ब गुणिले एक वर्गमूळ. अ, ब आणि मुळाखालचा आकडा चौथ्या मजल्यावरचे किंवा त्याखालचे. हे समीकरणात घातलं की एक भाग मुळाशिवायचा निघतो आणि एक मुळासकटचा. दोन्ही वेगवेगळे शून्य व्हायलाच हवेत. नाहीतर ते वर्गमूळ चौथ्या मजल्यावरच मिळालं असतं, पाचवा चढायची गरज नव्हती."

"थांब," ते म्हणाले, आणि स्वतः पेन्सिल घेऊन ते करून पाहिलं. अर्धा तास लागला. मग म्हणाले, "पुढे."

"आता मुळाची खूण बदला. अ उणे ब गुणिले मूळ. मुळासकटचा भाग फक्त उलट्या खुणेचा होईल. तो शून्यच होता, शून्यच राहील. म्हणजे हेही उत्तर आहे. दोन उत्तरं झाली. दोघांची बेरीज किती?"

"दोन अ. मुळं एकमेकांना कापतात."

"तिन्हींची मिळून शून्य. मग तिसरं?"

"उणे दोन अ." ते थांबले. "आणि अ तर चौथ्या मजल्यावरचा."

"हो. म्हणजे पाचव्यावर उत्तर असेल तर चौथ्यावर किंवा त्याखाली एक असलंच पाहिजे. चौथ्यावर असेल तर तिसऱ्यावर. असं उतरत उतरत..."

"तळमजल्यावर."

"तळमजल्यावर एखादा साधा अपूर्णांक उत्तर असला पाहिजे. आणि असा अपूर्णांक असेल तर तो एक किंवा उणे एकच असू शकतो. त्याचा अंश छेदाच्या घनाला भाग देतो आणि छेद अंशाच्या घनाला, आणि दोघांत सामाईक काही नसतं. घालून बघा."

त्यांनी एक घातला. डावीकडे एक, उजवीकडे चार. उणे एक घातला. डावीकडे उणे एक, उजवीकडे उणे दोन. पेन्सिल खाली ठेवली.

"तळमजल्यावर कोणी नाही," ते म्हणाले.

"म्हणून कुठल्याच मजल्यावर नाही."

बाहेर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला. काका उठून खिडकी लावून आले. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. माझ्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांत ते तीनही प्रश्न एकत्र कोणी विचारलेले नाहीत.

"नव्वदाचे तीन भाग मी रोज करायचो. ते कसे होतात?"

"तिथे समीकरण वेगळं. क्षचा घन म्हणजे नुसतं तीन क्ष. त्याचं एक उत्तर शून्य. तळमजल्यावर उत्तर आहे, म्हणून अडत नाही. काही कोन होतात. सगळ्यांना लागू पडणारी रीत होत नाही, कारण साठलाच ती लागू पडत नाही."

"पट्टीवर दोन खुणा केल्या तर?"

"तर होतं, अगदी नेमकं होतं. हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही माहीत होतं. पण मग ती कोरी पट्टी राहिली नाही."

"पुढे कोणी माझ्याहून हुशार निघाला तर?"

"हुशारीचा प्रश्न नाही, काका. त्यानंही कंपासच वापरला तर तोही ह्याच इमारतीत राहील."

त्यांनी तो कागद बोर्डवरून सोडवला. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे पहिल्या दिवशी, माझा कागद उघडायच्या आधी, तुला ठाऊक होतं की तो चूक आहे."

"हो."

"आणि तू फरक काढून देत राहिलीस."

"हो."

"अरुणा मला म्हणाली होती, मी कल्पनाला विचारलं. तू तिला काय सांगितलंस?"

"कठीण आहे, असं."

"कठीण आणि अशक्य एक नाही, कल्पना." त्यांचा आवाज चढला नाही. "कठीण आहे म्हणून तर मी इथे थांबलो. अशक्य म्हणाली असतीस तर मी तिला घेऊन नगरला गेलो असतो."

मी माफी मागितली. त्यांनी हातानं राहू दे अशी खूण केली, आणि दारापर्यंत सोडायलाही आले. तो त्यांचा स्वभाव होता. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला जेवायला बोलावलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा कॉलेजात फोन आला. रात्रभर परत करून पाहिलं, म्हणाले, एक पायरी माझी मी पुन्हा बांधली, बरोबर आहे. फक्त एवढंच विचारायचं होतं की मुळासकटचा भाग शून्य का होतो हे त्यांनी नीट लिहिलंय का. त्यांनी फोनवर वाचून दाखवलं. नीट लिहिलं होतं. मी तसं सांगितल्यावर त्यांनी फोन ठेवला.

मे महिन्यात त्यांनी त्या चाळीस संस्थांना पत्रं पाठवली. एक मलाही आलं. त्यात लिहिलं होतं : 'मी कळवलेली रचना चुकीची आहे. ती बरोबर असणे शक्य नाही. कारण सोबत जोडले आहे. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.' सोबत दोन पानं, ती मजल्यांची सिद्धता, त्यांच्या अक्षरांत. आमच्या खन्नासरांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "ऐसा ख़त मैंने पहली बार देखा है." चाळीसांपैकी उत्तरं किती आली ते मी कधी विचारलं नाही. विचारायचा माझा अधिकार नव्हता.

जूनमध्ये ते एकटेच नगरला गेले. प्रभाताईंकडे महिनाभर राहिले. काय बोलणं झालं ते कळलं नाही. सुजयनं सांगितलं, बाबा तिथे मावशीला दोन्ही वेळा स्वतः भरवायचे. त्या वर्षअखेरीस प्रभाताईही वारल्या. वैशालीचं घर विकलं आणि काका सुजयकडे गुडगावला राहायला गेले.

मी त्यांना शेवटची भेटले २००३ च्या नोव्हेंबरमध्ये. माझी नोकरी कायम झाली होती, मुलगी तीन वर्षांची होती. हिंमत करायला मला एवढा वेळ लागला. चौदाव्या मजल्यावरचं घर, समोर आणखी तीन टॉवर चढत होते. काका बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. खूप बारीक झाले होते. सुजयच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत गेली. बोर्ड कुठे दिसत नव्हता. मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं, इथे जागा नाही म्हणून दिला कोणाला तरी.

आम्ही माझ्या मुलीबद्दल बोललो, नगरच्या उन्हाळ्याबद्दल बोललो. मग त्यांनी विचारलं, "एक खरं सांग. ती सिद्धता मला ९७ सालीच समजली असती का?"

मला वाटलं, आता तरी नाही म्हणावं. वय झालं होतं त्यांचं, त्या नाहीनं थोडं हलकं वाटलं असतं. पण मी त्यांच्याशी तसलं हलकं बोलणं एकदा बोलून चुकले होते.

"समजली असती, काका. पहिल्याच दिवशी."

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले, आणि माझा कप माझ्याकडे सरकवला. "चहा गार होतोय तुझा."

पुढच्या फेब्रुवारीत सुजयचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. मी गेले. पाळकांनी प्रार्थना मराठीतून केली, कारण काकांनी तसं सांगून ठेवलं होतं. जेमतेम वीस माणसं होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना ती भाषा येत नव्हती. माती देताना सुजयनं मला पुढे बोलावलं. तो म्हणाला, "बाबांनी तुमच्याबद्दल वाईट कधी काही म्हटलं नाही."

मी मान हलवली. ते मला ठाऊक होतं, आणि त्यानं मला काही बरं वाटलं नाही.